बँकेचं पत्र आणि आपलं लेजर: 31 मार्चची शिल्लक जुळवताना

नवीन आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी शिकणारा उमेदवार, ऑडिटला आला की बहुतेक वेळा त्याच्या हातात पहिल्यांदा बँकेची फाइल दिली जाते, कारण काम सोपं वाटतं. बँकेने 31 मार्चची शिल्लक कळवलेल्या पत्रातला आकडा बघायचा, कंपनीच्या पुस्तकातला म्हणजे टॅलीतला आकडा बघायचा, दोन्ही सारखे असले की हिरवी टिक मारायची. मीही सुरुवातीची दोन वर्षं हेच केलं. त्यात चूक नव्हती, पण पत्राचा जेमतेम चौथा हिस्सा मी वाचत होते. बाकीचे रकाने फाइलला लागून कपाटात जात होते.

पुढचं उदाहरण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान फाउंड्रीचं आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, वर्ष 2023-24. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण गोष्टी जशा सापडल्या तशाच सांगते.

पत्र पाठवण्याआधी

बँकांची यादी कंपनीकडून घ्यायचीच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. ज्या खात्याबद्दल अकाउंटंट विसरलाय किंवा जे सांगायचं नाहीये, ते यादीत येणारच नाही. म्हणून मी तीन ठिकाणी बघते. एक, ट्रायल बॅलन्समधली 'बँक' आणि 'डिपॉझिट' या शब्दांची सगळी लेजर, शिल्लक शून्य असली तरी. दोन, आयकर खात्याकडची कंपनीची विवरणं, म्हणजे 26एएस आणि एआयएस, कारण व्याजावर टीडीएस कापणारी प्रत्येक बँक तिथे नावानिशी दिसते. तीन, एमसीए पोर्टलवरची चार्जची नोंद, म्हणजे कंपनीची मालमत्ता कोणत्या बँकेकडे तारण आहे ते.

या फाउंड्रीच्या यादीत दोन बँका होत्या. 26एएसमध्ये तिसरी निघाली, एक स्थानिक सहकारी बँक. चौकशी केली तर काही वर्षांपूर्वी एका टेंडरसाठी केलेली एफडी होती आणि ती 'इतर डिपॉझिट' नावाच्या लेजरात पडून होती. त्यात लपवाछपवी काही नव्हती. पण पत्र दोनच बँकांना गेलं असतं तर हे कळलंच नसतं. वर्षभरात बंद केलेली खातीही यादीत घ्यायची, कारण ते खातं 31 मार्चला खरंच शून्य होतं की नाही हे बँकेनेच सांगायला हवं.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर असतं आणि सही कंपनीच्या अधिकाऱ्याची असते, कारण ग्राहकाच्या परवानगीशिवाय बँक कुणालाही माहिती देत नाही. पण पाठवायचं आपण आणि उत्तर यायचं आपल्या ऑफिसला. बाहेरून पुष्टी घेण्याबद्दलच्या ऑडिट मानकातली, म्हणजे एसए 505 मधली, सगळ्यात महत्त्वाची अट हीच आहे: विनंतीवर आणि उत्तरावर ऑडिटरचा ताबा. शाखेचा पत्ता आणि ईमेल बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यायचा, कंपनीने चिठ्ठीवर लिहून दिलेला नाही.

हे काटेकोर वाटत असेल तर सत्यम आठवा. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः कबूल केलं की 30 सप्टेंबर 2008 ला दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. अकाउंटंटने फोल्डरमध्ये लावून दिलेलं सर्टिफिकेट आणि बँकेने थेट आपल्याला पाठवलेलं पत्र कागदावर सारखं दिसतं, पण पुरावा म्हणून दोघांचं वजन फार वेगळं असतं.

पत्रात विचारायचं काय, तर नुसती शिल्लक नाही. चालू खात्याची आणि सीसी म्हणजे उचल घेता येणाऱ्या कॅश क्रेडिट खात्याची शिल्लक, मुदत कर्ज, एफडी आणि तिच्यावरचा लिन म्हणजे बँकेचा अडकवून ठेवण्याचा हक्क, बँक गॅरंटी, एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, मंजूर मर्यादा, तारण, आणि कंपनी कुणासाठी हमीदार आहे का, अशी प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत लिहायची. प्रत्येक ओळीपुढे 'नसल्यास निरंक लिहावे' अशी सूचना द्यायची. तिचा उपयोग पुढे येईल.

आधी दिशा तपासा

उत्तर आलं की आकड्यांना हात लावण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पत्र बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं. आपल्या सीसी खात्यात आपण पैसे उचलले असतील तर बँकेच्या पत्रात ती रक्कम 'डेबिट' असते आणि आपल्या लेजरात 'क्रेडिट'. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी दुपारी चार वाजता बेरजा करताना चिन्ह हमखास उलटं लागतं. मी तर वर्किंग पेपरच्या वर सरळ लिहूनच ठेवते: 'सीसीत आकडा वाढला = आपलं देणं वाढलं.'

मग चार आकडे शेजारी शेजारी मांडायचे: पत्रातली शिल्लक, बँक स्टेटमेंटवरची 31 मार्चची शिल्लक, कंपनीच्या बीआरएसमधली, म्हणजे बँक आणि लेजर यांतला फरक जुळवणाऱ्या तक्त्यातली, 'बँकेप्रमाणे शिल्लक', आणि ट्रायल बॅलन्समधली लेजरची शिल्लक. पहिले तीन एकाच पैशापर्यंत सारखे हवेत. तिथेच फरक असेल तर पुढे जाऊ नका. एकतर पत्र चुकीच्या तारखेचं आहे, नाहीतर स्टेटमेंट दिवस संपण्याआधी काढलेलं आहे. आपल्या फाउंड्रीत दुसरी गोष्ट झाली होती, हे नंतर कळलं. चौथा आकडा मात्र वेगळा असणारच, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

फरक फोडणे

सीसी खात्याची लेजरप्रमाणे देय शिल्लक ₹1,86,42,300 होती. बँकेच्या पत्रात ₹1,82,99,450. म्हणजे बँकेच्या मते कंपनीचं देणं ₹3,42,850 ने कमी. कंपनीने दिलेली बीआरएस अशी होती:

लेजरप्रमाणे देय: 1,86,42,300
वजा, दिलेले पण न वटलेले चेक: 9,15,000
अधिक, भरलेले पण जमा न झालेले चेक: 6,83,500
अधिक, बँकेने लावलेलं मार्चचं व्याज: 1,38,650
वजा, ग्राहकाने थेट जमा केलेली रक्कम: 2,50,000
बँकेप्रमाणे देय: 1,82,99,450

बेरीज बरोबर आहे. पण बीआरएस जुळली म्हणजे खरी आहे असं होत नाही, कारण खाली कुठला आकडा आला पाहिजे हे बनवणाऱ्याला आधीच माहीत असतं. तिची परीक्षा एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये. म्हणूनच हे काम मी एप्रिलमध्ये करतच नाही. जूनमध्ये करते, म्हणजे दोन महिन्यांचं स्टेटमेंट हाताशी असतं.

भरलेल्या चेकपासून सुरुवात केली. 31 मार्च 2024 ला रविवार होता आणि 1 एप्रिलला वार्षिक क्लोजिंगमुळे बँका ग्राहकांसाठी बंद. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेले चेक 2 तारखेला जमा होणं अगदी स्वाभाविक होतं. तसे तीन चेक 2 एप्रिलला जमा झालेले दिसले, एकूण ₹4,60,000. चौथी ओळ होती ₹2,23,500 ची. तो चेक एप्रिलमध्ये नाही, मेमध्ये नाही, परत आल्याची नोंदही नाही. पे-इन स्लिप मागितली, ती नव्हती. लेजरात त्या रकमेची पावतीसुद्धा नव्हती. ओळ फक्त बीआरएसमध्ये होती.

अकाउंटंट काका तीस वर्षं त्याच कंपनीत आहेत. त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. "मॅडम, बँकेचं सर्टिफिकेट आलं तेव्हा एवढाच फरक राहिला होता. मग चेकमध्ये टाकला."

फरक बुजवायला घातलेला प्लग आकडा असाच असतो. तो ओळखायची साधी खूण म्हणजे त्या ओळीमागे चेक नंबर नसतो किंवा पुढे वटल्याची तारीख नसते. आता प्रश्न उरला की खरे ₹2,23,500 कुठे गेले. अशा वेळी डोकं खाजवत बसण्यापेक्षा त्याच पत्रातली पुढची ओळ वाचावी. मुदत कर्ज लेजरात ₹61,25,000 होतं आणि पत्रात ₹59,50,000. फरक बरोबर ₹1,75,000. कर्जाचं स्टेटमेंट उघडलं तर 31 मार्चच्या रात्री सीसी खात्यातून ₹2,23,500 चा हप्ता कर्ज खात्यात गेला होता: ₹1,75,000 मुद्दल आणि ₹48,500 व्याज. काकांनी स्टेटमेंट 31 तारखेला दुपारी डाउनलोड केलं होतं. दिवसअखेरच्या प्रोसेसिंगमध्ये पडलेले हप्ता आणि सीसीचं व्याज दोन्ही त्यात नव्हते. व्याज त्यांना नंतर इंटरेस्ट सर्टिफिकेटमधून कळलं, हप्ता कळला नाही.

म्हणून मी सांगते की एका बँकेतली सगळी खाती एकत्र जुळवा. सीसी एका आर्टिकलला आणि कर्ज दुसऱ्याला वाटून दिलं असतं तर दोघांनी दोन वेगळे 'किरकोळ फरक' लिहून ठेवले असते.

आता दिलेले चेक, ₹9,15,000. इथे नजर उलट दिशेने लावायची. एप्रिलमध्ये वटले ते ठीक. जे वटले नाहीत त्यांच्या चेकवरची तारीख बघायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत तीन महिने आहे. यादीत ₹85,000 चा एक चेक 12 डिसेंबर 2023 चा होता, म्हणजे वर्ष संपण्याआधीच शिळा झालेला. तो बँकेत आता कधीच वटणार नाही. पण पुरवठादाराचं देणं मिटलेलं नाही, तेव्हा नोंद उलटवून ते पुन्हा देण्यांमध्ये आणावं लागतं.

बाकी ₹8,30,000 पैकी बहुतेक चेक एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात वटले होते. एक मात्र जूनमध्ये वटला, आणि असा चेक दिसला की मी एक प्रश्न विचारते: चेक 31 मार्चला खरंच हातातून सुटला होता का, की सही करून ड्रॉवरमध्ये ठेवला होता? ड्रॉवरमधला चेक म्हणजे पेमेंट नव्हे. त्या वर्षी कुरिअरची पावती 30 मार्चची निघाली, म्हणून सोडून दिलं. काही कंपन्यांमध्ये देणी कमी दिसावीत म्हणून मार्चअखेरीला चेकची अख्खी गड्डी लिहून कपाटात ठेवतात. तिथे चेक नंबर सलग असतात आणि सगळे मे-जूनमध्ये वटतात. हा नमुना एकदा डोळ्यांत बसला की पुढे लगेच ओळखू येतो.

कुठल्या फरकाला एंट्री, कुठल्याला नाही

नवीन मुलांची गल्लत होते ती इथेच. बीआरएसमध्ये कारण लिहिलं की काम संपलं असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात फरक दोन जातीचे असतात. चेक मध्ये प्रवासात असेल तर तो वेळेचा फरक, तो बीआरएसमध्येच राहतो, कारण बँकेला तो कळायचा बाकी आहे. बँकेला माहीत असलेली आणि आपल्या पुस्तकात नसलेली गोष्ट मात्र 31 मार्चच्याच तारखेने लेजरात यायला हवी. व्याज, हप्ता, ग्राहकाची थेट जमा, सगळं यात आलं.

फाउंड्रीच्या लेजरात म्हणून या नोंदी करून घेतल्या: सीसीचं व्याज ₹1,38,650 ने देणं वाढलं, हप्त्याचे ₹2,23,500 ने वाढलं, ग्राहकाच्या ₹2,50,000 ने घटलं, शिळ्या चेकच्या ₹85,000 ने घटलं. नवी शिल्लक ₹1,86,69,450. त्यातून न वटलेले चेक ₹8,30,000 वजा आणि न जमा झालेले ₹4,60,000 अधिक केले की ₹1,82,99,450, म्हणजे पत्रातला आकडा. यावेळी बीआरएसमध्ये फक्त चेक उरले, दुसरं काही नाही.

नफ्यावर परिणाम ₹1,87,150 चा, सीसी आणि कर्जाचं व्याज मिळून. मालकांची पहिली प्रतिक्रिया होती, "व्याज पुढच्या वर्षी घेऊ की." मार्चचं व्याज मार्चचंच असतं. शिवाय बँकेच्या इंटरेस्ट सर्टिफिकेटमध्ये ते या वर्षात दिसतं आणि कंपनीच्या पुस्तकात नसतं, हे इन्कम टॅक्सवाल्यांच्याही डोळ्यांवर येतं.

शिलकेच्या पलीकडची पानं

एफडीची ओळ वाचताना दोन गोष्टी बघायच्या, रक्कम आणि लिन. लेजरात एफडी ₹25,00,000 होती, 10 ऑगस्ट 2023 ला दोन वर्षांसाठी ठेवलेली. पत्रात ₹26,00,980. फरक ₹1,00,980 म्हणजे जमा झालेलं व्याज, पण टीडीएस कापून. म्हणून एंट्री ₹1,00,980 ची करायची नाही. व्याज उत्पन्न ₹1,12,200, टीडीएस येणे ₹11,220, आणि बाकी एफडीला. निव्वळ रकमेची एंट्री केली तर टीडीएसचा हक्क पुस्तकातून गायब होतो आणि 26एएसशी ताळा लागत नाही.

लिनच्या रकान्यात लिहिलं होतं: 'बँक गॅरंटीपोटी मार्जिन'. कंपनीने मात्र एफडी रोख आणि रोखसमान शिलकेत दाखवली होती. ही रक्कम काढता येत नव्हती, मुदत ऑगस्ट 2025 ची होती, म्हणजे ताळेबंदाच्या तारखेपासून बारा महिन्यांपलीकडची. कंपनी कायद्याच्या शेड्यूल 3 प्रमाणे ती इतर बिगर-चालू मालमत्तेत जाते आणि मार्जिन म्हणून वेगळी सांगावी लागते. लेजरचा आकडा बरोबर असूनही ताळेबंद चुकतो तो असा.

तिसऱ्या पानावर गॅरंटीच्या रकान्यात ₹15,00,000 होते, एका सरकारी ग्राहकाला कामाच्या हमीसाठी दिलेली गॅरंटी. आणि सगळ्यात खाली, 'हमीदार म्हणून' या ओळीत, ₹40,00,000: मालकांच्याच दुसऱ्या कंपनीच्या कर्जाला या फाउंड्रीने हमी दिली होती. यापैकी एकाचीही नोंद लेजरात नव्हती आणि असणारही नव्हती, कारण हमी दिली म्हणून पैसा हलत नाही. लेजरातून पत्राकडे गेलो तर या ओळी कधीच दिसत नाहीत. पत्रातून लेजराकडे आलो तरच दिसतात. म्हणून मी टिक पत्रावर मारते, ट्रायल बॅलन्सवर नाही. दोन्ही रकमा संभाव्य देण्यांच्या टिपेत गेल्या. दुसऱ्या कंपनीच्या हमीसाठी कंपनी कायद्याच्या कलम 185 आणि 186 च्या अटी तपासल्या, बोर्डाचा ठराव आणि अशा हमींची नोंद ठेवायचं एमबीपी-2 रजिस्टर मागवलं. ठराव होता. रजिस्टर त्या दिवशी लिहिलं गेलं असावं, शाई ओली वाटत होती.

उत्तर अर्धवट आलं, किंवा आलंच नाही

दुसऱ्या बँकेच्या शाखेने फक्त पहिल्या ओळीत शिल्लक भरली आणि बाकी रकाने कोरे ठेवून शिक्का मारला. कोरा रकाना म्हणजे निरंक नाही. बाबूने घाईत सोडला असेल, किंवा एलसीचं काम दुसऱ्या विभागात असेल आणि त्याला माहीतच नसेल. अशा वेळी पत्र परत पाठवून उरलेल्या ओळींत 'निरंक' लिहून मागायचं. वेळ जातो, पण वर दिलेली सूचना छापलेली असली की शाखेशी वाद घालावा लागत नाही. पत्राखाली बहुतेक बँका 'बँकेवर किंवा अधिकाऱ्यांवर कोणतीही जबाबदारी न घेता' असं छापतात. एवढ्यावरून पत्र निकामी होत नाही. पण 'माहिती अपूर्ण असू शकते' अशा अर्थाचं वाक्य असेल तर ते गंभीर आहे, आणि त्या बाबीचा पुरावा दुसरीकडून मिळवायला हवा.

सहीखाली अधिकाऱ्याचा कर्मचारी क्रमांक आणि शाखेचा शिक्का असतो. उत्तर ईमेलने आलं असेल तर पाठवणाऱ्याचा डोमेन बँकेचाच आहे का, हे अक्षर अक्षर वाचून तपासा. शंका आली तर फोन करा, पण पत्रावर छापलेल्या नंबरवर नाही. वेबसाइटवरच्या शाखेच्या नंबरवर.

दोन स्मरणपत्रांनंतरही उत्तर आलं नाही तर पर्यायी काम करायचं. कंपनीच्या माणसाला शेजारी बसवायचं, नेटबँकिंगचा पत्ता आपण स्वतः टाइप करायचा, लॉगिन त्याने करायचं, आणि स्टेटमेंट आपल्यासमोर डाउनलोड करायचं, 1 मार्च ते 31 मेपर्यंतचं. पीडीएफ मागवून घेतलेली चालत नाही, कारण पीडीएफमधला आकडा बदलायला दहा मिनिटं पुरतात. शिलकेसाठी हे पुरेसं होतं. गॅरंटी आणि हमीसाठी होत नाही, कारण त्या नेटबँकिंगच्या पहिल्या पानावर दिसतातच असं नाही. तिथे सँक्शन लेटर, बोर्डाची मिनिट्स आणि बँकेने कापलेलं गॅरंटी कमिशन बघावं लागतं. कमिशन दर तिमाहीला कापलं जातंय आणि कंपनी म्हणतेय गॅरंटी नाही, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे.

आणि कंपनीनेच 'या बँकेला पत्र पाठवू नका' असं सांगितलं तर? कारण विचारा, ते लिहून घ्या आणि पार्टनरला सांगा. फाउंड्रीच्या बाबतीत असं काही झालं नाही. फक्त सहकारी बँकेने पत्रासाठी फी कापली, आणि ती फी लेजरात घेतली नाही म्हणून पुढच्या जूनमध्ये बीआरएसमध्ये पुन्हा एक छोटी ओळ सापडली.